अर्ज क्रमांक ४०२१७

परीक्षा होऊन आठ महिने झाले तरी निकालाचा पत्ता नव्हता. श्रीरामपूरच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या अल्मास शेखला मात्र आता थांबायला सवड नव्हती. पुढच्या जाहिरातीत तिचं वय बसणार नव्हतं. लिपिकाची ही सरकारी नोकरी हुकली की संपलं सगळं.

शेवटी तिने मुंबईच्या भरती कक्षाला ईमेल लिहिला. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, माझा अर्ज क्रमांक ४०२१७ असून लेखी परीक्षेचा निकाल अद्याप प्रलंबित आहे. तो कधी अपेक्षित आहे हे कळविल्यास आभारी राहीन.' कुठे कडू शब्द नाही, की उगाच लाडीगोडी नाही!

"लई भारी लिवलंय गं," समोर बसणारा वाल्मिक म्हणाला. "ग्रुपवर टाक की, आमी बी पाठवतो."

तिने टाकलं. जसंच्या तसं, क्रमांकासकट. आणि आपली पोरं तरी काय एकेक! नाव बदललं, पाठवून मोकळी. क्रमांकाकडे कुणी बघितलंच नाही.

चार दिवसांनी ती अभ्यासिकेत असतानाच फोन आला. "भरती कक्षातून बोलतोय. ४०२१७ तुमचाच ना? या एकाच क्रमांकाची पत्रं ढिगाने आलीत, खाली नावं वेगवेगळी. दबाव आणला तर उमेदवारी रद्द होते, ही अट वाचलीय ना?"

'मला काय माहीत, कुणी चोरला माझा क्रमांक' असं म्हटलं असतं तर अल्मास सुटली असती. पण त्या ढिगात वाल्मिकचंही नाव होतं, आणि फोनवरचं ऐकून तो समोर पांढराफटक पडला होता.

"साहेब, मसुदा माझाच," ती कशीबशी म्हणाली. "क्रमांक न झाकता मीच ग्रुपवर टाकला. बाकीच्यांनी घाईत उतरवला. दबाव नाही हो, सगळे काळजीत आहेत."

"हे आजच लेखी द्या."

"आणि माझी उमेदवारी?"

"ते वरिष्ठ ठरवतील."

तिने खुलासा पाठवला. मग मात्र तिची पार दैना झाली. अन्न गोड लागेना, पुस्तक उघडलं की अक्षरं पोहायची. आई मुबारकबीने विचारलं की 'काही नाही' म्हणायची. आपल्याच हाताने आपण पायावर धोंडा पाडून घेतला, एवढंच डोक्यात घुमायचं. वाल्मिक तर तिच्याकडे मान वर करून बघेना.

अखेर उत्तर आलं. 'आपला खुलासा मान्य करण्यात येत असून आपली उमेदवारी अबाधित आहे. इतरांनी स्वतःचा अर्ज क्रमांक नमूद करून पत्र पुन्हा पाठवावे. निकाल यथावकाश संकेतस्थळावर प्रसिद्ध होईल.'

म्हणजे आठ महिन्यांपूर्वी होती, तिथेच ती उभी होती. निकाल नाही, तारीखही नाही. तरी 'अबाधित' हा शब्द तिने वाल्मिकला मोठ्याने वाचून दाखवला आणि भर अभ्यासिकेत, नोकरी लागल्यासारखी, आनंदाने ढसाढसा रडली.