दीड मिनिटाचा पाऊस

एका मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, आखातात, मुहर्रकमधल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, वसईकराने पुणेकराच्या डोक्यात स्टीलचा थर्मास घातला. पहिला फटका कानावर बसला, दुसरा गालाच्या हाडावर. तिसरा माझ्या हातावर बसला, कारण तोवर मी मध्ये पडलो होतो. माझी करंगळी मोडली. पुणेकर गॅसच्या ओट्यावरून घसरत खाली बसला आणि त्याच्या डाव्या कानातून रक्त आलं.

आम्ही तिघे भाडेकरू होतो. वसईकर पंचेचाळिशीचा, विमानतळावर सामानाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा, कायम रात्रपाळीला. पुणेकर तिशीचा, मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात स्टोअरकीपर. त्याची ड्युटी पहाटे पाचला सुरू व्हायची आणि दुपारी दीडपर्यंत तो घरी यायचा. दोघांच्या खोलीचे प्लायवूडची भिंत घालून दोन भाग केले होते. मी हॉलमध्ये झोपायचो. मुंबईत मी एका दैनिकात उपसंपादक होतो. इथे मनामातल्या एका लहान स्टुडिओत जाहिरातींचा आणि फोनवरच्या सूचनांचा आवाज साफ करतो. वसईकर मला पेपरवाला म्हणायचा.

त्याला झोप मिळणं गरजेचं होतं, आणि त्यामागे एक अपघात होता. दोन महिन्यांपूर्वी शेजारचं जुनं घर पाडायला काढलं. सकाळी सातपासून भिंती फोडणारा ब्रेकर चालायचा. चार दिवस न झोपता वसईकर कामावर गेला आणि पाचव्या पहाटे ट्रॅक्टर मागे घेताना त्याने विमानात सामान चढवणाऱ्या पट्ट्याच्या गाडीला धडक दिली. मध्ये उभ्या असलेल्या एका मल्याळी हमालाचा पाय सापडला. दोन बोटं कापावी लागली. कंपनीने वसईकराला लेखी ताकीद दिली: पुन्हा असं झालं तर काम संपेल आणि कामासोबत व्हिसाही.

त्या आठवड्यात तो एकदा खिडकीतून ब्रेकरवाल्यावर ओरडला आणि प्लास्टिकची खुर्ची खाली फेकली. ती कुणाला लागली नाही. मग त्याने खोलीच्या भिंतीवर इतक्या जोरात मूठ मारली की दोन सांधे फुटले.

“पेपरवाल्या,” तो हाताला रुमाल बांधत म्हणाला, “तुझ्या मशीनमध्ये काही आवाज मिळतो का, जो दुसरा आवाज खाऊन टाकेल?”

मी म्हणालो, खाऊन टाकत नाही, झाकतो.

पहिल्यांदा मी त्याला व्हाइट नॉइज दिला. स्टुडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये तो एका बटणावर तयार होतो. कंपनांच्या प्रत्येक हर्ट्झला सारखी शक्ती; वरचं प्रत्येक सप्तक खालच्यापेक्षा दुप्पट रुंद असल्यामुळे दुप्पट शक्ती घेऊन येतं. कानाला तो नुसता फुसकारा वाटतो. भांड्यांचा खणखणाट, बोलण्यातले स, च, ट त्यात बुडतात. ब्रेकरचा दणका बुडत नाही, तो फार खाली असतो.

“ह्याच्यापेक्षा गॅस लीक झालेला बरा,” दुसऱ्या दिवशी वसईकर म्हणाला. “आणि धडधड तशीच ऐकू येते.”

मग पिंक नॉइज केला. यात दर सप्तकाला तीन डेसिबलने उतार असतो, त्यामुळे प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला सारखी शक्ती येते. तो भरीव, खालच्या अंगाचा वाटतो, दूरच्या धबधब्यासारखा. तो दणका मिटवत नाही, पण दणका आणि शांतता यांतला फरक कमी करतो. झोपेतून उठवतो तो फरकच. वीस मिनिटांची फाइल केली, शेवट सुरुवातीवर विरघळवून जोडला. जोडताना एक चूक केली: दोन्ही बाजू सरळ रेषेत कमी-जास्त केल्या. वेगवेगळ्या नॉइजचे दोन तुकडे असे मिसळले की मधोमध आवाज तीन डेसिबल खचतो.

“दर वीस मिनिटांनी तो दम घेतो रे,” वसईकर म्हणाला. मी जोड वक्र करून दिला. तो दोन दुपारी सलग पाच तास झोपला. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी पापलेट तळले.

चौथ्या दिवशी म्हणाला, “पाऊस होईल का? घरच्या कौलांवर पडतो तसा.”

पाऊस नॉइजसारखा एकसंध नसतो. खाली पिंकसारखी सळसळ असते आणि तिच्यावर सुटे थेंब. सळसळ कान विसरतो, थेंब ऐकतो. म्हणून चांगल्या पावसाच्या फाइलमध्ये थेंब सळसळीपेक्षा फार उंच ठेवत नाहीत, आणि फाइल लांब ठेवतात, किंवा थेंब दर वेळी नव्याने टाकायला लावतात. हे मला माहीत होतं. त्या दिवशी एका बँकेच्या फोनसूचना संध्याकाळी पाठवायच्या होत्या. मी दीड मिनिटाचा पाऊस केला, थेंब रँडम टाकले, एकदा ऐकला, संपला की पुन्हा सुरू होईल असा वळसा लावला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.

आठवडाभर तो झोपला. नंतर तक्रार सुरू झाली. पुणेकर घरी आला की प्लायवूडवर बोटाने वाजवतो, असं वसईकराचं म्हणणं होतं. टक-टक. दोनदा. मग गप्प. मग पुन्हा टक-टक.

“मी कशाला वाजवू, अंकल?” पुणेकर म्हणाला. “मी काय तुमचा अलार्म आहे?”

“अंकल म्हणू नको.”

“मग आजोबा?”

वसईकराने त्याला थोबाडीत मारली. पुणेकराने त्याला ढकललं. वसईकर चपलांच्या रॅकवर पडला. मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो. खलास, खलास, म्हणजे पुरे, पुरे, असं शेजारचा बांगलादेशी शिंपी जिन्यातून म्हणत राहिला. त्या संध्याकाळी वसईकराने पुणेकराच्या दारावर लाथ मारून बिजागरी उखडली.

वाजवण्याचा आवाज मी ऐकला नव्हता. दुपारी मी स्टुडिओत असायचो. मी दोघांनाही सांगितलं की ताण आहे, जाऊ द्या. वसईकराला इअरफोन घालून आवाज वाढवायला मीच सांगितलं.

मंगळवारी माझी सुट्टी होती. पुणेकर दीडला आला आणि स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. स्वयंपाकघर प्लायवूडच्या भिंतीपासून हॉल ओलांडून पलीकडे आहे. दोन वाजून आठ मिनिटांनी वसईकराच्या खोलीत काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. तो थर्मास हातात घेऊन बाहेर आला. पुणेकर कुठे उभा आहे, हे त्याला दिसत होतं. तो थांबला नाही.

फटक्यांनंतर तो ओट्याला टेकून उभा राहिला. थर्मास त्याने खाली ठेवला. “दोन तास वाजवतोय,” तो म्हणाला. पुणेकर म्हणाला, “मी इथे आहे. दीडला आलो तेव्हापासून इथेच होतो.” त्याच्या दातांत रक्त होतं.

अ‍ॅम्ब्युलन्स मी बोलावली. पोलिसांना शिंप्याने बोलावलं. वसईकराला घेऊन गेले तेव्हा त्याचा फोन पलंगावर तसाच वाजत राहिला होता, इअरफोन उशीवर.

मी इअरफोन कानाला लावला. सळसळ, थेंब, सळसळ. मग दोन मोठे थेंब, एकामागोमाग. दीड मिनिटाने पुन्हा तेच दोन. स्टुडिओत जाऊन फाइल उघडली. एकसष्टाव्या सेकंदाला दोन थेंब होते, तीस शतांश सेकंदाच्या अंतराने, बाकीच्यांपेक्षा नऊ डेसिबल वर. रँडम टाकलेले थेंब सारखे पसरत नाहीत, कुठेतरी गोळा होतातच. लांब फाइलमध्ये ते एकदा पडतात आणि संपतात. या फाइलमध्ये ते तासाला चाळीस वेळा पडत होते. पाच तासांच्या झोपेत दोनशे.

दुसऱ्या दिवशी, हाताला पट्टी बांधून, मी पोलिस ठाण्यात गेलो. हिंदी समजणारा एक शिपाई होता. मी फोनवर फाइल लावली.

“ये क्या है, बारिश?” त्याने विचारलं.

“हाँ. मैंने बनाई है.”

त्याने दोन मिनिटं ऐकली. “यहाँ तो साल में दो दिन होती है,” तो म्हणाला, आणि साहेबांना बोलावून आणलं. माझा जबाब अरबीत लिहून घेतला. मी सही केली. वसईकराला जाळीपलीकडून फाइल ऐकवायची परवानगी मिळाली. एकसष्टाव्या सेकंदाला त्याने मान वर केली. दीड मिनिट तो थांबला. पुन्हा आलं तेव्हा म्हणाला, “हाच.” नंतर त्याने विचारलं, पुणेकराचा कान कसा आहे. मला माहीत नव्हतं.

कानाची तपासणी त्याच आठवड्यात झाली. पडदा फाटला होता, गालाचं हाड चिरलं होतं. दुखऱ्या कानाची चाचणी घेताना तंत्रज्ञ चांगल्या कानात एक अरुंद पट्ट्याचा नॉइज सोडते, म्हणजे तो कान मदतीला येत नाही. पुणेकर बाहेर आला तेव्हा म्हणाला, “तिथेही तुझाच धंदा.” मी त्याला फाइलचं सांगितलं.

“रविवारी मी खरंच वाजवलं होतं,” तो म्हणाला. “एकदाच. दोनदा बोट. दाराची बिजागरी तोडली म्हणून. रोज म्हणतोय वाजवतोस, तर घे, वाजवतो.”

“पोलिसांना सांगितलंस?”

“नाही. सांगू?”

मी हो म्हणालो. त्याने सांगितलं, आणि तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं. कोठडीतले दिवस कंपनीने गैरहजेरीत धरले. आधीची ताकीद नोंदीत होतीच. वसईकर सुटला त्या दुपारी कंपनीचा माणूस त्याला घ्यायला आला. फ्लॅटवर त्याला अर्धा तास दिला. पुणेकर त्या वेळी कामावर होता. वसईकराने कपडे भरले, मुलीसाठी घेतलेली सायकल शिंप्याच्या मुलाला दिली, आणि पुणेकराच्या दाराची बिजागरी स्क्रू पिळून बसवली.

“ब्रेकर बंद झाला का रे?” त्याने विचारलं.

“गुरुवारी संपलं काम.”

“बघ,” तो म्हणाला. “आठ दिवस अजून कळ काढायला हवी होती.”

त्या संध्याकाळी त्याचा व्हिसा रद्द झाला. रात्रीच्या मुंबईच्या विमानात तो चढल्याचं त्याच्या पाळीतल्या एका ट्रॅक्टर ड्रायव्हरने मला फोनवर सांगितलं. त्याच्या दोन बॅगा, एक काळी आणि एक दोरीने बांधलेली, त्या ड्रायव्हरनेच विमानापाशी नेल्या होत्या.