पाचवं शील देणारा रत्नपाल

मैलूरचा रत्नपाल लग्नं लावतो. पांढरा सदरा, खणखणीत आवाज. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील तो जरा जोर लावूनच म्हणतो, कारण त्याचा बाप दारूनंच गेला. आपल्या लोकांना एवढं पुरतं. बाप प्यायचा, म्हणजे लेकावर नजर ठेवायची.

एका लग्नात सकाळी त्यानं उपाशीपोटी ताटभर जिलेबी आणि दोन कप गोड चहा घेतला. वरात रखडली. अकराच्या सुमारास बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावताना त्याचे हात लटलट कापायला लागले. काडी विझली, दुसरीही विझली. सदरा घामानं भिजला. पोटात अशी भूक उसळली, की तो विधी सोडून स्वयंपाकाच्या मांडवात शिरला आणि मुठी भरभरून बुंदी खायला लागला.

"पाचवं शील द्यायलाय आन् सोता ढोसून आलाय," कुणीतरी म्हणालं. लोक फिदीफिदी हसले.

त्याची आई सरुबाई गर्दीतून पुढं आली आणि सगळ्यांदेखत तिनं लेकाचं तोंड हुंगलं. वास आला नाही. तरी तिचा चेहरा निवळला नाही. रत्नपालला वाटलं, जमीन फाटावी. लग्न दुसऱ्यानं लावलं. पुढच्या दोन लग्नांची बोलावणी आली नाहीत.

असा थरकाप त्याला आधीही सुटायचा. मग तो पेढा तोंडात टाकायचा, बरं वाटायचं, आणि काही तासांनी पुन्हा तेच. शेवटी तो सरकारी दवाखान्यात गेला. सरुबाईही आली, राखण केल्यासारखी. उपाशीपोटीची रक्तातली साखर ठीक निघाली. मधुमेह नव्हता. डॉक्टर शिवलीलाबाई म्हणाल्या, "अण्णा, उद्या त्या दिवशी खाल्लं तसंच खाऊन या आन् हितंच बसा."

तिसऱ्या तासाला हात कापायला लागले. लगेच शिरेतलं रक्त घेतलं. साखर सत्तरच्या वर हवी, ती पन्नासच्याही खाली. साखरपाणी दिलं, तसा थोड्या वेळात थरकाप थांबला.

"रिकाम्या पोटी गोड खाल्लं की साखर झपाट्यानं वर जाते," डॉक्टर म्हणाल्या. "मग शरीर इन्सुलिन जास्तीचं सोडतं आन् साखर धाडकन उतरते. हात कापणं, घाम, भूक, सगळं त्याचंच. हात कापायला लागले तर साखर घ्या, पण वर भाकरी-डाळ खा. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. शेंगदाणे, अंडी चालतील. नुसत्या गोडावर राहू नका."

"म्हंजे दारू न्हाई?" सरुबाईनं विचारलं.

"न्हाई आजी."

बाहेर आल्यावर सरुबाई म्हणाली, "चल, समद्यास्नी सांगू."

रत्नपाल थांबला. "लोकांचं जाऊ दे. तोंडाला वास न्हाई आला, तवा तू कामून बोलली न्हाईस, आई?"

सरुबाईनं पदर तोंडाला लावला. तिला लेकाकडं बघवेना.