वॉर्डातली सफरचंदं

मुखरूच्या मांडीचं हाड मोडलं आणि राजुऱ्याच्या दवाखान्यातली त्याची खाट बघता बघता फळांचं दुकान झाली. भेटायला येणारा प्रत्येकजण सफरचंदंच आणी. बायको भागीरथानं एक कापलं. वरून आरशासारखं लाल, आत गाभ्याभोवती तपकिरी.

"मले ढोर समजली का? भुसा चारून राह्यली," मुखरू करवादला.

भागीरथा पोंभुर्ण्याकडची. धान दाताखाली धरून ओल सांगणारी बाई, तिला फळानं फसवावं? ती तडक दवाखान्याच्या फाटकावरच्या फळगाडीवाल्या अजयकडे गेली.

"हे एवढं चमकते काऊन, भाऊ?"

"मेण लावते बाई, फळ सुकू नये म्हणून. खाल्लं तरी काई होत नाई. पण हा मे महिना. हा माल दिवाळीच्या आधी तोडलेला, तवापासून कोल्ड स्टोरेजात. वरून नवा नवरदेव, आतून म्हातारा." मग अजयनं हळूच सांगितलं, "नखानं खरवडा, हातात वजन पाहा, देठापाशी वास घ्या, कानापाशी टिचकी मारा. बद्द वाजलं तर ठेवून द्या. कोणाले सांगू नका."

तिनं अख्ख्या वॉर्डाला सांगितलं.

दुपारी नर्स रंजीता आली तर खाटेखाटेवर पेशंट सफरचंद कानाला लावून टिचक्या मारत बसलेले. दोन्ही हात प्लास्टरात असलेल्या बापूरावांच्या कानाशी त्यांची सून सफरचंद धरून उभी. तेवढ्यात नवे डॉक्टर राउंडला आले आणि सगळ्यांचे हात कानाशी पाहून चक्रावले.

"कोणाकोणाला त्रास आहे?"

"सायबाले सांगा, कोणाकोणाचं खराब निघालं!" भागीरथा म्हणाली.

भराभर हात वर झाले. डॉक्टरांनी सगळ्यांना कानाचे थेंब लिहून दिले. भागीरथा समजावत राहिली, पण तोवर मुखरूच्या कानात थेंब पडलेसुद्धा.

संध्याकाळी अजय डोक्याला हात लावून बसला होता. "बाई, वॉर्डातून सारा माल वापस आला!"

भागीरथानं आधी गाडीवरचं एक सुरकुतलेलं किवी दाबून खाली ठेवलं. मग कोपऱ्यातलं एक बारकं, मळकट लाल सफरचंद उचललं. नखाला मेण जेमतेम लागलं. हाताला जड, देठापाशी गोड वास, टिचकीला टणक.

"न्यूझीलंडचं हाय," अजय म्हणाला. "तिकडं आत्ताच तोडणी झाली. पण महाग पडते."

"एकच दे."

तिनं भाव केला नाही. फोडी केल्या, बापूरावांना एक भरवली, बाकी मुखरूला. वॉर्ड त्या कुरकुर आवाजाकडे कान लावून बसला. मुखरूलाच काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणे दारातच थबकू लागले. सफरचंदं पायरीवर ठेवून, चोरासारखे रिकाम्या हातानं आत. मुखरूचा भाचा मात्र गावाहून तेंदूच्या झाडाची पिकलेली टेंभरं घेऊन आला. भागीरथा पदर पसरून पायरीवर बसली आणि एकही टिचकी न मारता एकटीनं त्यातली अर्धी संपवली.