मार्चातला शेरा

मी मुळातच संशयी. तालुका कचेरीत अव्वल कारकून म्हणून बसलो आणि त्या स्वभावाला पगार मिळू लागला. दरवर्षी मार्चअखेर तलाठ्यांचे गोपनीय शेरे लिहायचे, तो मसुदा माझा. मामलेदारांनी फक्त सही करायची.

चाळीस सालानंतरची गोष्ट. सर्कल इन्स्पेक्टरची एक जागा रिकामी होणार होती. पूर्वेकडच्या दुष्काळी गावांचा एक तलाठी तिच्यावर डोळा लावून होता. वय निघून चाललेलं, ही त्याची शेवटची संधी. मी मसुद्यात लिहिलं, ‘दरमहाचे तक्ते उशिरा देतो. ढिला.’ नदीकाठच्या तलाठ्याचं अक्षर मोत्यासारखं. त्याच्यापुढे लिहिलं, ‘कामात चोख, विश्वासू, हुशार.’

मामलेदार नवे होते. मसुदा वाचून त्यांनी विचारलं, “उशीर कधी केला?”

“याच महिन्यात.”

“आणि बाकीचे अकरा?”

मला वास आला. पूर्वेकडून तुपाचा डबा पोचला असणार!

त्यांनी मला बसवलं. आवक-बारनिशीतून, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीतून, महिन्यामहिन्याच्या तारखा काढायला लावल्या. एकेका माणसाचा शेरा नाही. आधी सगळ्यांचा वेळेवरपणा, मग सगळ्यांची पीकपाहणी, असा एकेक रकाना. प्रत्येक शब्दापुढे पुरावा. पीकपाहणीच्या वेळी अक्षर बघायचंच नाही. तपासणीत शेतात जे पीक सापडलं, ते नोंदीशी जुळतं का, एवढंच. अशा रीतीनं एक मसुदा मी पुन्हा करायचा, दुसरा त्यांनी मला न दाखवता स्वतः केला. मी मनातल्या मनात हसत होतो.

हसू फार टिकलं नाही. मोत्यासारख्या अक्षरातली पीकपाहणी घरबसल्या झालेली. शेतात ऊस उभा, आणि नोंदीत ज्वारी. दुष्काळी गावांच्या नोंदी बरोबर, आणि अकरा महिने तक्ते वेळच्या वेळी. उशीर तेवढा मार्चात. मी मागच्या दोन वर्षांची बारनिशी काढली. तिथंही मार्चच! विहिरी आटल्या की तो पाण्याच्या खेपांमागे गावोगाव फिरायचा, आणि नेमका तेव्हाच मी शेरा लिहायला बसायचो. दोन वेळा त्याचं नाव माझ्या शाईनं मागं पडलं होतं. मला माझीच लाज वाटली.

माझा आणि मामलेदारांचा मसुदा जुळवला, त्यांनी सही केली आणि जागा पूर्वेकडच्या तलाठ्याला मिळाली.

हुकूम हातात पडल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. धुळीनं भरलेला, डोळे भरून आलेले.

“आवं भाऊसाहेब, तुमी लिवलं म्हणून झालं. मला ठावं हाय, दर सालाला तुमीच माझ्यासाठी लिवत आला. वरचंच कोन तरी खोडत हुतं.”

खोडणारा कुणी नव्हता, हे सांगायला मी तोंड उघडलं. त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि मी तो लावू दिला.