मेसेज माझ्याच फोनवर

लेक अकरावीला आसनगावला गेली ती माझ्या नणंदेकडे. मुरबाडजवळच्या आमच्या गावातून रोजचं जाणं-येणं जमणारं नव्हतं, आणि नणंदेचं घर कॉलेजच्या वाटेवरच. पोरगी शनिवारी घरी यायची ती 'आत्या असं म्हणते, आत्या तसं करते' करत. मी भाकरी थापत ऐकायचे आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. पोरीला नऊ महिने पोटात मी वाढवलं, आणि डबा भरून देण्याचं कौतुक मात्र दुसरीचं.

शिष्यवृत्तीसाठी पोरीच्या नावाचं खातं हवं होतं, म्हणून आम्ही मायलेकी मुरबाडच्या बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम भल्या होत्या. आधार तपासायला त्यांनी ओटीपी पाठवला, तर तो गेला थेट आसनगावला. आधारवरचा नंबर अपडेट करायला नणंदच पोरीला घेऊन गेली होती आणि तिने स्वतःचाच देऊन ठेवला होता.

"आत्याला फोन करू का?" लेक म्हणाली.

"काय नको. मॅडम, अंगठा घ्या."

अंगठा चालला. मग मॅडमनी नीट समजावलं. पोरगी दहा वर्षांच्या वर आहे, म्हणून खातं ती स्वतः चालवू शकते. कार्ड मिळेल, पण त्याला रोजची मर्यादा, त्याच्या वर एटीएम पैसे देणार नाही. खात्यात असतील तेवढेच निघतील, उधार काही नाही. अठरा पूर्ण झाली की कागदपत्रं आणि सही पुन्हा द्यायची.

"आणि मेसेज कुठल्या नंबरवर पाठवू? तिच्या की तुमच्या? तुमचा दिलात तर तिच्या फोनवर यूपीआय चालणार नाय, कार्डच वापरावं लागेल."

"माझ्याच," मी लगेच म्हटलं. लेकीने खाली बघितलं. मला मात्र जिंकल्यासारखं वाटत होतं. पोरगी राहते नणंदेकडे, पण खबर आता आधी मला लागणार.

झालंही तसंच. पोरीने पैसे काढले की माझ्या ब्लाउजमधला फोन टुणकन वाजायचा. एकदा मर्यादेला टेकेल इतके निघाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी तडक फोन लावला.

"कशाला काढलेस गो एवढे?"

"लागत होते, आई."

"पण कशाला?"

"आत्याला माहीत आहे."

मी फोन ठेवला. आत्याला माहीत आहे म्हणे! मग मीच मुरबाडला जाऊन मशीनमध्ये पासबुक भरून आणलं. तारीख होती, एटीएम होतं, आसनगाव होतं, गेलेले पैसे आणि उरलेले पैसे होते. कशाला, ते कुठेच नव्हतं.

शनिवारी लेक आली ती चष्मा लावून. मी बघतच राहिले. फळ्यावरचं दिसेना म्हणून आत्या तिला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "तू म्हणाली असतीस, मोबाईल बघून डोळे घालवलेस. आणि पैसे काढले की लगेच तुझा फोन येतो. आत्या कधी विचारत नाय, म्हणून तिला सांगावंसं वाटतं."

चष्मा तिला शोभत होता, ते सांगायलाही माझं तोंड उघडेना. माझ्या पोरीचे डोळे कमजोर झाले आणि ते मला सोडून नणंदेला कळलं. हे मला इतकं लागलं की रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिला सुट्टी होती, तेव्हा मीच तिला बँकेत घेऊन गेले. मॅडमकडून फॉर्म घेऊन नंबर बदलला, तिचा टाकला. लेक दोनदा म्हणाली, "नक्की ना, आई?" मी म्हटलं, "सही कर गुमान."

त्यानंतर माझा फोन मुका झाला. पहिले काही दिवस मी तो उगाच काढून बघायचे. पासबुक कपाटात होतं, मनात आलं असतं तर भरून आणता आलं असतं. हात जायचा, पण आवरायचे.

आणि एका दुपारी तांदूळ निवडताना लेकीचा फोन आला.

"आई, आज पैसे काढले."

'कशाला?' तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं.

"कॉलेजात धावण्याच्या शर्यतीत नाव घातलंय. बूट घ्यायचेत. तुला काय वाटतं, घेऊ?"

"घे," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "आत्याला सांगितलंस?"

"नाय अजून. आधी तुला केला फोन."

"मग आजच्या दिवस नको सांगूस," मी म्हटलं, आणि सूप बाजूला ठेवून मोकळेपणी रडले.