निळ्यांच्या मागे

आमच्या दाजींनी गावाकडे वीस वर्षं फरशा बसवल्या. परदेशातल्या त्यांच्या पहिल्या शिफ्टचं मातेरं केलं ते मी, सख्ख्या मेहुण्याने.

माझी साइट वेगळी, बसही वेगळी. म्हणून आदल्या दिवशीच बजावलं होतं, "कंपनीची बस मेट्रो स्टेशनवर सोडेल. कार्ड मशीनला टेकवून आत जा, आठव्या स्टेशनला उतरा, बाहेर पडताना पुन्हा टेकवा. गोंधळलात तर आपल्या निळ्या युनिफॉर्मच्या मागे चाला."

माझा शहाणपणा नडला. पाचव्या स्टेशनला डब्यातले सगळे निळे उतरले, तसे दाजीही उतरले. बाहेर कंपनीची व्हॅन उभी होती. ड्रायव्हरने यादी वाचली, त्यात दाजींचं नाव नव्हतं. कंपनी तीच, साइट भलतीच! दाजी पुन्हा कार्ड टेकवून आत शिरले, आठव्याला उतरले आणि चाळीस मिनिटं उशिरा, घामाघूम होऊन आपल्या गेटवर पोचले.

नव्या माणसांचे पास अजून आले नव्हते, त्यामुळे तिथला मुकादम नुसती डोकी मोजून आत घेत होता.

"बारा हवे होते, बारा आले," तो म्हणाला. "तू कोण?"

दाजींसारखाच वाट चुकलेला कुणीतरी निळा त्यांच्या जागी आत फरशा बसवत होता. नाव विचारायची गरज कुणाला पडली होती?

संध्याकाळी ताईचा फोन आला. पहिला दिवस कसा गेला म्हणाली.

"अगं, मस्त," दाजी म्हणाले. "सगळे माझीच वाट बघत होते."