पत्रांतली चूक माझी

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

परळला बाबांची गिरणी होती तिथे आता काचेचा टॉवर आहे. त्यातल्या एका विमा कंपनीत मी कंत्राटावर लागले. ग्राहकांना जाणारी मराठी पत्रं लिहायची, हे माझं काम. बाबा संपात घरी बसले ते कायमचे, म्हणून त्याच जागेत मला नोकरी मिळाली तेव्हा आईने काळाचौकीच्या आमच्या चाळीत पेढे वाटले. आता कंत्राट संपत आलं होतं. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्याच आठवड्यात ठरणार होतं.

आमचे मॅनेजर दादरचे. शुद्ध मराठीचं भलतंच वेड. माझ्या तोंडून 'पानी' निघालं की चारचौघांत 'पाणी, पाणी' असं घोकून घ्यायचे. मी पत्रात 'हप्ता भरा' लिहिलं की खोडून 'हप्त्याचे प्रदान करावे' करायचे. अख्खा मजला त्यांना पाठीमागे 'प्रदान' म्हणायचा. त्यांच्याही वरच्या मोठ्या मॅडमसुद्धा हसायच्या.

त्या वेळी त्यांनी हप्त्याच्या पत्राचा माझा मसुदा बाजूला टाकला, गेल्या वर्षीचं पत्र उघडलं, त्यात आपलं प्रदान घातलं आणि परस्पर छापायला दिलं. तारीख बदलायची राहिली. लोकांच्या हातात गेल्या वर्षीची शेवटची तारीख पडली आणि फोन खणखणायला लागले. पॉलिसी बंद पडली की काय म्हणून म्हातारी माणसं फोनवर रडत होती. मॅडमनी खुलासा मागितला, तर हे मला म्हणाले, "मला मेल कर, मॅडमना सीसीत ठेव. काय घडलं ते लिही." त्यांना काय लिहून हवं होतं ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते.

मी लिहायला घेतलं. 'सर, पत्रांतली तारखेची चूक माझी' एवढं झालं आणि बोटं थांबली. पुढचा एक शब्द मॅनेजरच्या तोंडावर लिहायचा म्हणजे धाडस लागतं हो! तेवढ्यात वाटलं, मधे 'ड्राफ्ट' हा शब्द इंग्रजीत घालावा. भाषा बदलायला कंट्रोल धरलं आणि दुसरं बोट पडलं एंटरवर. ही दोन बटणं एकत्र दाबली की मेल सुटतो. मेल गेला. आपल्या मराठीत 'नाही' शेवटी येतं, तेच नेमकं मागे राहिलं.

चहा संपायच्या आत त्यांचं उत्तर आलं, मॅडमसकट सगळ्या मजल्याला. 'आपण चूक प्रांजळपणे मान्य केलीत, आभार. छापण्यापूर्वी सदर पत्र मला दाखवण्यात आले नव्हते.'

"अगं बये, हे काय करून बसलीस!" शेजारची मैत्रीण कुजबुजली. "लिही पटकन, चुकून गेला म्हणून."

मी टाइप करायला लागले तोच साहेब टेबलाशी हजर. "आता फिरवाफिरवी नको," हळूच म्हणाले, "मी दुसरीकडे तुझ्यासाठी शब्द टाकीन."

माझं डोकंच फिरलं. गिरणीत खराब कापड मुकादमाने बाबांच्या नावावर घातलं होतं, तेव्हाही असंच गोड बोलणं झालं होतं. बाबा गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मी लहानपणापासून गिळत आले होते. आता मात्र एकेक अक्षर चवीने लिहिलं:

'सर, मघाचा मेल लिहिता लिहिता चुकून, अर्धवट गेला. कृपया तो धरू नये. पूर्ण वाक्य असं: पत्रांतली तारखेची चूक माझी नाही. माझ्या मसुद्यात "हप्ता भरा" असं होतं. छापलेल्या पत्रात "प्रदान" आहे. आपल्याला पत्र दाखवलंच नव्हतं, तर त्यात "प्रदान" कोणी घातलं, एवढं कळवावं. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

त्यांनी ज्यांना ज्यांना कळवलं होतं, त्या सगळ्यांना पाठवला. या वेळी एंटर मुद्दाम दाबलं.

आधी कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं. मग हसू मजलाभर पसरलं. मॅडमनी केबिनचं दार उघडून साहेबांना नावाने हाक मारली. दार लागलं. काचेतून त्यांची मान खाली गेलेली दिसत होती आणि मी खुर्ची वळवून ती पोटभर बघितली. वाईट? छे, अजिबात वाटलं नाही.

बाहेर आले ते थेट माझ्याकडे. चेहरा पांढराफटक. "हे बघ," म्हणाले, "मॅडमना एक ओळ टाक. दुसरा मेलही रागाच्या भरात चुकून गेला म्हणून. तुझं कायम करण्याचं मी बघतो."

"नाही," मी म्हटलं. "तो पूर्ण आहे, सर. आणि जरा पानी प्या."

त्यांनी माझा 'न' सुधारला नाही.